घामाचे साडेतीन किलो

माझे गुडघे बिघडले त्याला माझा फ्लॅट कारण आहे, असं मी सगळ्यांना सांगत असते. नागपूरच्या जुन्या वस्तीत, इतवारीत होतो तेव्हा घराचे तीन मजले, गच्चीवर वाळवण, खाली नळ, आणि बाजार दाराशी. भांड्यांच्या गल्लीतून हातगाड्या चुकवत दिवसातून दहा चकरा व्हायच्या, त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. मग हे गेले, मुलानं मनीषनगरात फ्लॅट घेतला, आणि मी लिफ्टमध्ये चढायला आणि खुर्चीत बसायला शिकले. सहा वर्षांत चौदा किलो वाढले. उजव्या गुडघ्यातून तर पापड मोडल्यासारखा आवाज यायचा.

गेल्या जूनमध्ये हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे खिडकीसमोर धरला आणि म्हणाले, "मावशी, गादी संपली. वाटी बदलावी लागेल." मी म्हटलं, बदला. तर म्हणाले, "चौऱ्याऐंशी किलोवर नाही बदलत. भूल द्यायला धोका, जखम भरायला वेळ, आणि नवा गुडघाही लवकर झिजतो. अठ्ठ्याहत्तर करून आणा, मग तारीख देतो."

म्हणजे सहा किलो. पोरगा घरी येताना गाडीत म्हणाला, "आई, होईल." पण त्याला माहीत नव्हतं, रात्री कूस बदलताना मी उशी तोंडात धरायची ते. मला ते ऑपरेशन पाहिजे होतं. एखाद्या मुलीला लग्न पाहिजे असतं ना, तसं पाहिजे होतं.

आता माझ्या मैत्रिणीचं सांगते. ती आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहते. आम्ही आलो त्याच आठवड्यात ती पण आली, आणि दोघी नवीन म्हणून लिफ्टमध्ये ओळख झाली. ती मौद्याकडची, तिचे मालक शाळेत हेडमास्तर होते. स्वभावानं गरीब, बोलायला गोड, आणि माझ्याइतकीच जाडी. सहा वर्षं रोज सकाळी साडेसहाला आम्ही बगिच्यात जायचो. चालायचं कमी आणि बोलायचं जास्त. तिला माझ्या सुनेशी काय बिनसलं ते माहीत, मला तिच्या मालकांचं पथ्य माहीत. बगिच्यातला माळी आम्हाला "जोडी" म्हणायचा. एकटी दिसली की विचारायचा, "आज अर्धीच काहून आली?"

डॉक्टरांचं सांगितलं तेव्हा तीच म्हणाली, "मी पण उतरवते तुह्यासंग. एकटीनं काहून करतं? दोघी मिळून सहा-सहा किलो काढून टाकू."

मला रडू आलं होतं तेव्हा. खरंच.

जुलैचे पहिले दिवस. पाऊस पडून गेला की नागपुरात जो उकाडा होतो, तो बाहेरच्याला सांगून समजत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री परवडते, कारण घाम येतो आणि वाळतो. जुलैत घाम येतो आणि तसाच अंगावर बसून राहतो. ब्लाऊज पिळून काढावं लागतं. आता मला कळलं आहे की घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं, नुसता वाहून काही उपयोग नाही. तेव्हा मला वाटायचं, जितका घाम तितकी चरबी गळाली. बगिच्यात एक पोट सुटलेले साहेब काळा चकचकीत सूट घालून पळायचे, घामानं निथळायचे, आणि म्हणायचे, "मावशी, इसमें से फॅट निकलता है."

आम्ही दोघी त्याच आठवड्यात इतवारीत गेलो. माझ्या जुन्या ओळखीच्या प्लास्टिकवाल्याकडून दोन जाड रेनकोट घेतले, पँट आणि वरचा, दोन्ही. मनगटाला आणि घोट्याला इलास्टिक. त्यानं विचारलं, "काकू, शेतावर चालल्या का?" मैत्रीण म्हणाली, "नाही गा, बारीक व्हायले चाललो." तो पण हसला, आम्ही पण हसलो. साडीवरून जमेना म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवला, त्यावर तो रेनकोट. पाऊस असो नसो. पावसाचेच दिवस, त्यामुळं कोणाला वेगळं काही वाटायचं नाही.

आणि नियम असा की घरून निघण्याआधी काट्यावर उभं राहायचं, आणि आल्यावर परत. मधे पाण्याचा थेंब नाही. पाणी प्यायलं तर काटा वर जातो ना. पहिल्या दिवशी पाऊण तास चालून आले आणि सातशे ग्रॅम कमी. मी मैत्रिणीला फोन केला, "माहे सातशे गेले." ती म्हणाली, "माहे सहाशे. तूच पुढं." दिवसभरात काटा परत वर यायचा, पण मी संध्याकाळी बघायचीच नाही. आपल्याला जे बघायचं तेवढंच माणूस बघतं.

हळूहळू मी दिवसाचं पाणीही कमी केलं. बीपीची गोळी होती, तिनं लघवी फार होते, तर मला वाटलं बरंच आहे, ते पण वजन निघतं आहे. गुडघ्याची दुखण्याची गोळी एकाची दोन झाली, कारण चालणं वाढलं होतं. हे सगळं मैत्रिणीला माहीत होतं. सगळं म्हणजे सगळं. मी तिच्यापासून काय लपवलं होतं कधी?

जुलैच्या शेवटी पाऊस लागला. सलग आठ दिवस. पुलाखालच्या रस्त्यावर गाड्या बंद पडल्या, शाळांना सुट्टी, बगिच्यात चिखल. मैत्रीण म्हणाली, "माहं अंग ठणकून राहिलं, मी चार दिवस येत नाही. पण तू खंड नको पाडू बाई, तुह्यं ऑपरेशन आहे." मी एकटी गेले. भर पावसात, विजा कडकडत असताना, झाडाखालच्या पायवाटेवरून. माळी त्याच्या खोलीच्या दारातून ओरडला, "काकू, मरायचं हाय का? घरी जा." मी त्याला म्हटलं, तू तुझं काम कर. दोनदा पाय सरकला. दुखऱ्या गुडघ्याची बाई चिखलात कशी चालते ते देवाला माहीत.

आठ दिवसांनी मैत्रीण परत आली ती हलकी दिसत होती. मी म्हटलं, "अंग दुखून तू तर वाळली वं." ती म्हणाली, "जेवण नाही गेलं." ऑगस्टच्या मध्याला ती माझ्याहून पुढं होती. तिचे साडेतीन, माझे जेमतेम दोन. जिन्यावर ती माझ्यासाठी थांबायला लागली. आधी मी थांबायची. आणि एक गोष्ट तेव्हा बघितली पण मनावर घेतली नाही. पाऊण तास चालून माझा रेनकोट काढला की आतून धार लागायची आणि चेहरा टोमॅटोसारखा व्हायचा. तिचा चेहरा तसाच. मी म्हणायची, तुझं रक्तच थंड आहे. ती हसायची.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडं वजन दाखवायचं होतं. आदल्या संध्याकाळपासून मी पाणी बंद केलं. सकाळी रेनकोट घालून तासभर चालले, दोनदा शौचाला गेले, कानातलं सुद्धा काढून ठेवलं. काटा बोलला, अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार. डॉक्टर म्हणाले, "शाबास मावशी, चारशे ग्रॅम मी माफ केले. पुढल्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात घेऊ. तोवर वाढू देऊ नका. रक्ताच्या तपासण्या आठ दिवस आधी करून आणा."

बाहेर आल्यावर मी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "मंजे तुह्यं झालं." तिच्या आवाजात आनंद नव्हता, पण मी तेव्हा माझ्याच आनंदात होते. तोंड कोरडं पडलं होतं, जीभ टाळूला चिकटत होती, आणि डोकं ठणकत होतं. गाडीत मुलानं पाणी दिलं तर दोन घोट घेऊन बाटली ठेवून दिली.

तारीख मिळाली म्हणून मी सोडलं नाही, उलट अजून जोर धरला. वाढू द्यायचं नाही ना. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. रात्री पाऊस झालेला, जमिनीतून वाफ निघत होती, पान हलत नव्हतं. दुसऱ्या फेरीला माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. मी मैत्रिणीला म्हटलं, "पाय धरून राहिले." ती म्हणाली, "थोडं राहिलं, चाल." मग मळमळायला लागलं. मग एवढ्या उकाड्यात माझ्या हातावर काटा आला, थंडी वाजल्यासारखा. मला आठवतं, मी तिचा खांदा धरला आणि तो रेनकोटातून सटकला. पुढं अंधार.

माळ्यानं माझ्या रेनकोटाची चेन उघडली म्हणे. आतून पाणी सांडलं म्हणे. त्यानंच बादलीतलं पाणी अंगावर ओतलं, सावलीत ओढलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. माझ्या मुलाला फोनही त्यानंच लावला, मैत्रिणीच्या फोनवरून.

शुद्ध आली तेव्हा मी दवाखान्यात होते, सलाईन चालू. डोळे उघडायचा कंटाळा येत होता म्हणून तशीच पडून होते. डॉक्टर, म्हणजे हे वेगळे, पोटाचे आणि किडनीचे बघणारे, मुलाला विचारत होते, कोणत्या गोळ्या घेतात. मुलानं सांगितल्या. डॉक्टर म्हणाले, "लघवीची गोळी, वरून दुखण्याची गोळी दोन-दोनदा, आणि पाणी नाही. किडनीला तिन्ही बाजूनी मार बसला. क्रिएटिनिन दुपटीनं वाढलं आहे. यांना कोणी सांगितलं नाही का?"

आणि तेव्हा मी माझ्या मैत्रिणीचा आवाज ऐकला. माझ्या पायाशी उभी राहून ती माझ्या मुलाला सांगत होती.

"मी रोज म्हणत होती, पाणी पी वं बाई, पाणी पी. तो रेनकोट काढ. ऐकते कोठं ही. तुम्हाले तर माहीत आहे तिचा स्वभाव."

माझा मुलगा म्हणाला, "हो ना काकू. तुम्ही होत्या म्हणून बरं."

मी डोळे मिटलेलेच ठेवले. मला वाटलं, म्हटलं असेल हिनं. माझं डोकं जागेवर नाही, मी विसरले असेन. दोन दिवस मी हेच घोकलं. सहा वर्षांची मैत्रीण खोटं बोलते यापेक्षा आपल्याला विसर पडला हे मानणं सोपं वाटलं मला.

चार दिवसांनी घरी आले. काट्यावर उभी राहिले तर ब्याऐंशी. मी काट्याला खाली ठोकलं, परत उभी राहिले. ब्याऐंशी. सगळ्या पावसाळ्यात गेले होते ते दोन किलो. बाकीचे साडेतीन सलाईनच्या बाटलीतून परत आले होते. ऑपरेशनची तारीख गेली. हाडांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "आधी किडनी जागेवर येऊ द्या. आणि मावशी, पुढल्या वेळी मला फसवू नका, पाणी पिऊन या."

मैत्रीण रोज येत होती. मुगाची खिचडी आणायची, पाय दाबायची. मी तिच्याकडून पाय दाबून घेतले, हे मला आता कसंसं वाटतं.

मग एक दिवस तिची सून आली. तिची सून फिजिओथेरपीची डॉक्टर आहे, दिवसभर दवाखान्यात असते, त्यामुळं आमची गाठ कमी. मुलानं तिला बोलावलं होतं, झोपून पाय आखडू नयेत म्हणून. तिनं माझा गुडघा हातात घेतला, वाकवून बघितला, आणि म्हणाली, "काकू, रागावू नका, पण तुम्ही असं काहून केलं? मी तर जुलैमध्येच लिहून दिलं होतं तुमच्यासाठी."

मी म्हटलं, "काय लिहून दिलं?"

"कागद. आईंजवळ. पाऊस लागला होता तेव्हा. आईंचा रेनकोट मी पाहिला आणि लय बोलली त्यांना. म्हटलं, यानं चरबी जात नाही, पाणी जाते, आणि काकू तर लघवीची गोळी घेतात, त्यांना तर अजून धोका. पावसात बाहेर नका जाऊ, घरातच करा, म्हणून दोघींचा व्यायाम लिहून दिला. एका बाजूला आईंचा, दुसऱ्या बाजूला तुमचा, गुडघ्याला झेपेल असा. तुमच्या डॉक्टरला विचारून गोळ्यांचं पहा, असं पण लिहिलं होतं." तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. "आई तर म्हणाल्या, तुम्हाला दिला."

मी म्हटलं, "दिला असेल. माह्या लक्षात नाही."

पोरगी हुशार आहे. तिला समजलं. तिचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच राहिला. मग हळूच म्हणाली, "आई तेव्हापासून रोज दुपारी खुर्चीवर करतात. मी जेवण पण बदलून दिलं त्यांचं. सकाळी तुमच्यासोबत यायच्या आधी दोन गिलास पाणी पितात."

"आणि रेनकोट?"

"रेनकोट कुठं घालतात आता? मी तर फेकायला सांगितला होता."

घालत होती. रोज घालत होती. मग मला आठवलं, ती नेहमी खाली पार्किंगमध्ये माझी वाट बघायची, उतरताना माझ्या दाराची बेल वाजवायची नाही. चेन पुढून अर्धी उघडी. बगिच्यातून परतलो की गेटपाशीच काढून घडी करायची. माझ्यासाठी घालायची ती तो. मला दिसावा म्हणून.

त्या संध्याकाळी ती खिचडीचा डबा घेऊन आली. मुलगा आणि सून बाहेर गेले होते. मी डबा घेतला, ओट्यावर ठेवला, आणि विचारलं, "कागद कुठं आहे?"

तिनं कोणता म्हणून विचारलं नाही. एवढा खोटेपणा मात्र तिनं केला नाही.

ती सोफ्याच्या कोपऱ्यावर बसली. मग म्हणाली, "माह्या देवघरातल्या खणात."

"काहून ठेवला?"

"देणारच होती. दुसऱ्या दिवशी देऊ, दुसऱ्या दिवशी देऊ करत राहिली." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू नेहमी माह्यापुढं. चालण्यात पुढं, बोलण्यात पुढं, माळी पण तुह्याशीच बोलते, मी आपली मागून. पहिल्यांदा माहा काटा तुह्याहून खाली आला. मले वाटलं, चार दिवस राहू दे. तुले दिला असता तर आठ दिवसात तू पुढं गेली असती."

"मी मेली असती वं."

"मले काय माहीत एवढं होईल म्हणून."

"सुनेनं सांगतलं होतं नं. धोका आहे म्हणून. लिहून दिलं होतं."

ती पदराचं टोक उलगडत राहिली.

मी म्हटलं, "तेही जाऊ दे. पण दवाखान्यात माह्या पोराले काहून सांगतलं, मी रोज पाणी पी म्हणत होती म्हणून? मी काही दुसऱ्या खोलीत नव्हती, तिथंच पडली होती. कान उघडे होते माहे."

ती रडायला लागली. मला वाटलं होतं मी पण रडेन, पण नाही आलं. मी उठून दिवा लावला. ती म्हणाली, "घाबरली मी. डॉक्टर विचारून राहिले होते. तोंडातून निघून गेलं." मी म्हटलं, "निघून गेलं ते बरं जुळून निघालं." थोड्या वेळानं ती गेली. कागद तिनं सुनेच्या हातून पाठवला. घडीवर कुंकू लागलं होतं.

कागद काही मोठा नव्हता. आता तो पाठ आहे मला, आणि वाचणाऱ्या बायांपैकी कोणाचा गुडघा माझ्यासारखा असेल म्हणून सांगते. पण आपल्या डॉक्टरला विचारूनच करा, मी काही डॉक्टर नाही, सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे. पंखा लावायचा, खिडकी उघडायची. उंच खुर्चीवर उशी ठेवून बसायचं, हात न टेकता उठायचं, हळू बसायचं. सुरुवातीला मला पाच वेळाच जमायचं. मग बसल्या बसल्या एक-एक पाय उचलून जागेवर चालल्यासारखं करायचं, हात वर-खाली करत. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या. भिंतीला हात लावून अंग पुढं न्यायचं आणि मागं ढकलायचं. एक रबरी पट्टा दाराला अडकवून ओढायचा. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. करताना बोलता आलं पाहिजे, दम लागून शब्द तुटला तर थांबायचं. बाहेर ऊन असो, पाऊस असो, माझ्या हॉलमध्ये काही फरक पडत नव्हता.

पाण्याचंही डॉक्टरांनी सांगितलं. तांब्याभर एकदम घटाघटा नाही, दिवसभर थोडं थोडं. तहान दाबायची नाही. लघवी फिकट पिवळी पाहिजे, गडद झाली म्हणजे कमी पडतं आहे. मी त्यांना विचारलं, ते पाकिटातलं मीठ-साखरेचं पाणी रोज घेऊ का? ते म्हणाले, "बीपीच्या बाईनं हौसेनं मीठ नाही प्यायचं. घरातल्या दहा मिनिटांच्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. उलट्या-जुलाब झाले तर मला फोन करा, मग सांगतो." दुखण्याची गोळी बंद केली, लघवीची त्यांनी बदलून दिली.

आणि खाणं. तिथंच खरं गणित होतं, ते मी दोन महिने टाळत होते. सुनेनं, म्हणजे मैत्रिणीच्या सुनेनं, माझ्या ताटाचा फोटो मागवला आणि काही न बोलता त्यातला अर्धा भात कमी करायला सांगितला. वरण घट्ट, भाजी जास्त, तर्री नाही, दुपारच्या चहासोबतचं फरसाण नाही. मी तिला म्हटलं, नागपूरच्या बाईला तर्री सोडायला सांगते, तुझं भलं होणार नाही. ती हसली. ती पोरगी दर रविवारी यायची, सासूचं नाव काढायची नाही. मी पण काढत नव्हते.

काटा हलायला वेळ लागला. आठवड्याला पाव किलो, कधी काहीच नाही. रेनकोटाच्या सातशे ग्रॅमची सवय लागलेल्या माणसाला ते पाव किलो अपमानासारखे वाटतात. पण ते गेलेले परत येत नव्हते. पाणी पिऊन उभी राहिले तरी येत नव्हते. दिवाळीत चिवडा झाला, तेव्हा थोडं वर गेलं, मग परत उतरलं. किडनीचा रिपोर्ट दोन महिन्यांनी जागेवर आला.

त्या सगळ्या दिवसांत मैत्रीण लिफ्टमध्ये भेटायची. "कशी आहे?" "बरी." एवढंच. बगिच्यात ती एकटी जायची असं कळलं. मग ते पण बंद झालं म्हणे. मला तिचा राग दुपारी यायचा. सकाळी आठवण यायची. ऐकलेलं काही सांगायचं असलं की हात फोनकडं जायचा, आणि मग ते "मी रोज म्हणत होती" कानात वाजायचं. कागदाचं आणि रेनकोटाचं खोटं माफ झालं असतं माझ्याकडून. ती हरली होती कुठंतरी, तिला जिंकायचं होतं, हे मला समजतं. पण मी शुद्धीवर नाही असं धरून तिनं माझ्या पोराला माझ्याविरुद्ध साक्ष दिली, ते मला समजत नाही. अजून नाही.

जानेवारीत डॉक्टरांकडं गेले. मुद्दाम घरून दोन गिलास पाणी पिऊन, नाश्ता करून, कानातलं घालून. सत्त्याहत्तर पूर्णांक आठ. डॉक्टरांनी कागदपत्रं उलटली, रक्ताचे रिपोर्ट पाहिले, आणि म्हणाले, "आता हे वजन तुमचं आहे." फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याची तारीख दिली, ऊन वाढायच्या आत.

मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण मैत्रिणीच्या सुनेला रविवारी आली तेव्हा कळलं, आणि एका घरात दोन बाया असल्या की बातमी थांबत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मैत्रीण दाराशी आली. आत नाही आली. खरंच बारीक झाली होती, गालाची हाडं दिसत होती.

म्हणाली, "मी येऊ दवाखान्यात? रात्री थांबायले कोणी पाहिजे नं. तुह्या सुनेले सुट्टी नसंल."

मी म्हटलं, "पोरगा थांबते."

"बायकांच्या वार्डात..."

"नर्स असतात."

ती उभीच राहिली. तिनं चप्पल पण काढली नव्हती. मग म्हणाली, "बरी झाली की चालायले येशील?"

मी विचार केला. सोपं होतं हो म्हणणं, आणि सहा वर्षांची सवय तर हो म्हणायलाच बसली होती. पण मी चार महिने खुर्चीवरून उठत-बसत, एक-एक पाव किलो उतरवून इथवर आले होते, आणि त्यात तिचं काहीच नव्हतं.

म्हटलं, "चालीन. पण एकटी चालीन."

तिनं मान हलवली. जिन्यानं वर गेली, लिफ्ट नाही घेतली. तिची पावलं ऐकू येत होती, न थांबता, एका दमात दोन मजले. मी दार लावलं आणि दवाखान्याची पिशवी भरायला बसले.